दादरचा पाच नंबर

बार्शीची एक मुलगी. मुंबईत इंटरव्ह्यू देऊन रात्री एकटीच घरी निघाली. कुर्डुवाडीला उतरायचं, म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट, चढायचं दादरला. मामांनी फोनवर बजावलेलं, "पाच नंबरवर थांब."

ती पाच नंबरवर गेली. एकामागून एक लोकल येत होत्या; बोरिवली, विरार. सोलापूरचं नाव कुठेच नाही. छातीत धडधडायला लागलं.

मामांचं चुकलं असं म्हणवत नाही. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेची स्थानकं शेजारीशेजारी आहेत आणि दोन्हींचे फलाट पूर्वी एकपासूनच मोजले जायचे. म्हणजे पाच नंबर दोन! हा घोळ मिटवायला डिसेंबर 2023 मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 हे नवे क्रमांक दिले. मामा शेवटचे आले होते ते त्याआधी.

शेजारच्या मासळीवाल्या मावशींनी तिकीट मागितलं. "नंबर वाच गं." 12115. "नाव सोड, हा आकडा बोर्डावर शोध. पलीकडे, पुलावरून."

पूल ओलांडल्यावर इंडिकेटरवर आकडा सापडला. त्यापुढचा फलाट आठच्या पुढचा होता. तिथे डब्यांचे फलक बघत ती एस-4 खाली जाऊन उभी राहिली. हे आधी करावं लागतं, कारण दादरला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते.

गाडी आली. एस-4 तिच्यापासून चार पावलांवर थांबला.