सहा महिन्यांनी बाटल्या टेबलावर: काय ठेवलं, काय बदललं, काय काढलं

मागच्या भागात बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "रुटीन सुरू करून सहा महिने झाले, आता पुढे काय?" मी दिवाळीत सुरू केलं होतं आणि आता चारठाण्यात एप्रिलचं ऊन पडलंय. मग परवा रविवारी चेहऱ्याला लावायच्या पाचही वस्तू टेबलावर मांडल्या आणि हिशोब केला.

पहिल्यांदा सनस्क्रीन घेतलं, कारण तिथे मी स्वतःला फसवत होतो. चेहरा आणि मान झाकायला तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर लांबीभर काढलेली रेघ लागते. वजनात ती साधारण एक ग्रॅम भरते. दिवसातून एकदाच लावलं तरी १८० दिवसांचे १८० ग्रॅम झाले, म्हणजे ५० ग्रॅमच्या साडेतीन ट्यूबा. माझी दुसरी ट्यूब अजून अर्धीसुद्धा संपलेली नाही! म्हणजे रोज लावत होतो हे खरं, पण गरजेच्या निम्म्याहूनही कमी. इतक्या पातळ थरात डब्यावर छापलेला ५० एसपीएफ मिळत नाही. "सनस्क्रीनचा काही फरक पडला नाही" असा शेरा मी मारणारच होतो, पण फरक पडायला ते चेहऱ्यावर पुरेसं असायला हवं होतं ना! तर सनस्क्रीन ठेवलं, फक्त मात्रा बदलली. हिशोब तुम्हीही करून बघा: सुरू केल्यापासून किती दिवस झाले आणि किती ग्रॅम संपले.

व्हिटॅमिन सीचं सीरम मात्र बदलायच्या ढिगात गेलं. घेतलं तेव्हा पाण्यासारखं होतं, आता गडद चहासारखं झालंय. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्यातलं अॅस्कॉर्बिक अॅसिड बिघडतं, आणि माझी बाटली पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी होती. हलका पिवळेपणा चालतो, तपकिरी झालं की टाका. डब्यावर उघड्या झाकणाच्या चित्रात ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यानंतर किती महिने वापरायचं, ते त्यावरून कळतं. पण तो आकडा नीट जागी ठेवलेल्या बाटलीसाठी असतो. आमच्या पत्र्याखाली तो पाळला जाईल याची खात्री नाही.

आता खरी गोष्ट. पाचवी वस्तू म्हणजे एका मित्राने सांगितलेली 'डाग घालवायची' ट्यूब. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळाली. दोन आठवड्यांत चेहरा उजळला, घरातले म्हणाले, "काय लावतोस रे?" सहा महिन्यांत मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच, ठेवायच्या ढिगात सगळ्यात आधी हीच गेली असती. पण हिशोब करताना पहिल्यांदा मागचं बारीक लेबल वाचलं: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. पहिलं आहे स्टेरॉइड.

हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी देतात, तेही ठरावीक आठवड्यांपुरतं आणि नजरेखाली. गोरं होण्यासाठी महिनोन् महिने लावायची ही वस्तू नव्हेच. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून आधी चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. आणि ओळखायची खूण म्हणजे दोन-तीन दिवस बंद केलं की चेहरा लाल होतो, आग होते, परत लावलं की शांत. त्यामुळे माणसाला वाटतं, "माझ्या त्वचेला ही क्रीमच मानवते." प्रत्यक्षात ती सवय लागलेली असते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत स्पष्टपणे टाकली, तरी ती हातोहात मिळतातच.

लेबलवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर हिशोब तिथेच थांबवा. इतके महिने लावल्यावर मनाने एकदम बंदही करू नका. बंद केल्यावर उसळणारी लाली बघून बहुतेक जण घाबरतात आणि परत तीच ट्यूब उघडतात. मी परभणीला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ट्यूब सोबत नेली होती, हे बरं झालं, कारण नाव मला सांगता आलं नसतं. ती कशी सोडायची ते त्यांनी ठरवून दिलं, आणि बाकी सगळं थांबवायला सांगितलं: फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पूर्ववत व्हायला काही महिने लागतील म्हणाले.

त्यामुळे नवीन सीरमसुद्धा आत्ता आणत नाहीये. चेहरा शांत झाल्यावर एका वेळी एकच वस्तू आणि मध्ये किमान दोन आठवडे. दिवाळीत मी पाचही एकदम सुरू केल्या होत्या, म्हणून कशाने काय झालं हे कळायला सहा महिने गेले. आता प्रत्येक ट्यूबवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितोय. सनस्क्रीनवर पहिली टाकली: २७ एप्रिल.