तळाशी राहिलेलं जाळं

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात, अंभोऱ्याला, वैनगंगा आणि कन्हान एकत्र येतात. गोसीखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत फुगतं. बुडालेल्या शिवारातली झाडं फुगवट्यात जागच्या जागी वठली आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांची खोडं उघडी पडतात. गेल्या मे महिन्यात अशाच एका खोडाला तंगुसाचं जाळं लटकलेलं पाहिलं. त्यात पाणकावळ्याचा सांगाडा होता, माशांचे काटे होते, आणि जाळ्याच्या गाठी मात्र काल मारल्यासारख्या घट्ट होत्या.

जलाशयातल्या छोट्या मासेमारीत फासजाळं आणि लांब दोरीचे गळ ही दोन साधनं दिसतात. फासजाळं म्हणजे पाण्यात उभी केलेली भिंत. वर बोये, खाली वजनं, आणि मध्ये न दिसणारा तंगूस. संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं. जाळ्याचा आस ताणून १० सेंटीमीटर भरला, तर त्या भोकाचा घेर २० सेंटीमीटर होतो. ज्या माशाचं डोकं त्यातून जातं पण पोट अडतं, तो मागे सरकू लागला की कल्ल्याची झाकणं धाग्यात अडकतात. त्याहून बारका मासा आरपार निघून जातो, फार मोठा नाकानं धडकून वळतो. म्हणून आस ठरवला की कोणत्या मापाचा मासा मिळणार, हे बरंचसं ठरतं. अपवाद काटेवाल्यांचा. शिंगाळ्याचे काटे कोणत्याही आसात गुंततात.

गळाची गोष्ट वेगळी. एका लांब दोरीला ठरावीक अंतरानं आखूड दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ. गांडूळ किंवा बारकी मासळी आमिषाला. इथे मासा स्वतःहून तोंड लावतो, म्हणून मुख्यतः शिकारी मासे येतात: मरळ, शिंगाळा, रुंद जबड्याचा पडीन. कतला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, तो गळाकडे सहसा फिरकत नाही. काठावरच्या एका म्हाताऱ्या ढिवरबाबांनी एका वाक्यात सांगितलं, ‘‘भाऊ, कतल्याला जाळं लागते, पडीनला भूक लागते.’’

हा फरक साधन हरवल्यावर फार महत्त्वाचा ठरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात समुद्रातल्या मासेमारीबद्दल अंदाज होता, की वर्षाला सुमारे ५.७ टक्के जाळी हरवतात, आणि गळाच्या दोऱ्या मात्र २९ टक्के. आकड्यावरून दोरी जास्त घातक वाटेल. पण आमिष खाल्लं गेलं किंवा कुजलं, की गळाची ओढ संपते. रिकामा गळ कासवाला किंवा पक्ष्याला लागू शकतो, दोरी पायात गुंतू शकते, तरी तो नव्या माशाला बोलावत नाही. जाळ्याला आमिष लागतच नाही. अडकलेला मासा मेला, की तोच आमिष होतो. त्याला खायला पडीन येतो, कासव येतं. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, तळाशी अडकलं की ते गुदमरून मरतं.

समुद्रात सुटलेलं जाळं बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गोळा होऊन आडवं पडतं, त्यावर शेवाळ चढतं, ते माशाला दिसू लागतं आणि त्याची पकड घटते. मात्र बुडालेल्या जहाजाला अडकून ते ताणलेलं राहिलं, तर जास्त काळ मारत राहतं. आपल्या जलाशयात ते काम ही वठलेली झाडं करतात. ज्या फांद्यांत जाळं अडकून तुटतं, त्याच फांद्या त्याला उभं धरतात. जुनं सुती जाळं इथेही कुजून सुटलं असतं, तंगूस वर्षानुवर्षं टिकतो.

जाळी हरवतात ती निष्काळजीपणानंच, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. वाहत आलेली जलकुंभी बोयांसकट जाळं ओढून नेते. धरणातून पाणी सोडलं की ताण वाढतो. फांदीत अडकलेलं जाळं ओढताना डोंगा कलंडू लागला, तर माणूस दोर कापणारच. आणि जिथे मासेमारीला बंदी आहे, तिथे चोरून लावलेल्या जाळ्याला खूण कोण बांधेल? गस्तीची नाव दिसली की ते तसंच राहतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीनं २०१८ साली साधनांवर खूण असावी यासाठी ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. दोन्ही टोकांच्या बोयांवर मालकाची खूण असली तर तुटलेलं जाळं दुसऱ्याला सापडल्यावर परत येऊ शकतं. हरवल्या जागेची काठावरच्या ठळक झाडावरून किंवा देवळावरून नोंद ठेवली, तर चार नखांचा लंगर दोराला बांधून सावकाश ओढत ते शोधता येतं. तोही बुडालेल्या झाडांत अडकतो, म्हणून हे काम दोन डोंग्यांनी, वारा पडलेला असताना करावं.

खोलातल्या जाळ्यांसाठी एवढी खटपट आहे. काठच्या उथळ भागातल्या जाळ्यांसाठी मेचा शेवटचा पंधरवडा पुरतो. तेव्हा पाणी स्वतःच ती उघडी करतं. त्या दिवशी ढिवरबाबांनी डोंगा खोडाला लावला, वरचा दोर आधी कापला आणि जाळं खालून गुंडाळत आणलं. फांदीत रुतलेला वीतभर तुकडा राहिला होता, तोही त्यांनी कोयत्यानं खरवडून काढला. पावसाळ्यात पाणी पुन्हा तिथवर चढणार होतं.