चुकीचे पर्याय वह्यांतच सापडतात

‘ताईने ____ पाणी काढले. (विहीर)’ पाचवीच्या चाचणीतला हा प्रश्न. बरोबर उत्तर ‘विहिरीतून’. ते लिहायला शिक्षकांना क्षणही लागत नाही. कस लागतो तो बाकीचे पर्याय ठरवताना. ‘विहिरीवर’, ‘विहिरीला’, ‘विहिरीशी’ असे पर्याय दिले, तर घरी मराठी बोलणारं मूल वाक्य मनात म्हणून पाहतं आणि उत्तर देऊन मोकळं होतं. त्याला काय येत नाही, हे मात्र कळत नाही.

म्हणून अनुभवी शिक्षक आधी हाच प्रश्न पर्यायांशिवाय देतात आणि वह्यांमधल्या चुका टिपून ठेवतात. मराठी घरातली मुलं सहसा लिहिताना चुकतात. सामान्यरूप होताना शब्दाच्या उपान्त्य अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होतो, हे त्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून ती ‘विहीरीतून’ लिहितात. काहींना ऱ्हस्व नेमकं कुठे करायचं हे उमगत नाही. ती ‘विहिरितून’ लिहितात. हेच दोन पर्याय घ्यावेत.

घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात चुका वेगळ्या असतात. तिथे सामान्यरूपच न करता ‘विहीरतून’, किंवा ‘घरातून’च्या चालीवर ‘विहिरातून’ लिहिलेलं सापडू शकतं. हे पर्याय मराठी घरातल्या मुलांना कानालाच खटकतील, पण या वर्गात खरी परीक्षा घेतील. दोन्ही प्रकारच्या चुका एकाच प्रश्नात मात्र कोंबू नयेत. एक प्रश्न शुद्धलेखनाचा, दुसरा रूपाचा, असं केलं की कोण कुठे अडलं ते स्पष्ट दिसतं.

चौथा पर्याय हवाच, असंही नाही. मायकल रॉड्रिग्ज यांनी बहुपर्यायी प्रश्नांवरचं ८० वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं आणि तीन पर्याय सहसा पुरतात, असा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला. ओढूनताणून घातलेला चौथा पर्याय फारसं कुणी निवडतच नाही.

चाचणी झाल्यावर प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजावं. समजा, चाळीसपैकी २४ जणांनी ‘विहिरीतून’, १५ जणांनी ‘विहीरीतून’ आणि एकानेच ‘विहिरितून’ निवडलं. मग उपान्त्य ऱ्हस्वाचा नियम वर्गात पुन्हा घ्यायला हवा, आणि या वर्गासाठी तिसरा पर्यायही बदलायला हवा. एरवी चांगले गुण मिळवणारी मुलंच चुकीच्या पर्यायाकडे वळली असतील, तर आधी प्रश्न तपासावा; बहुधा त्याला दोन उत्तरं लागू होत असतात.

अशा प्रश्नांत एक धोकाही आहे. चुकीचं रूप छापील दिसलं की तेच मनात ठसू शकतं, त्यामुळे पेपर परत देताना प्रत्येक पर्याय का चूक आहे हे सांगावं लागतं. शिवाय ‘विहिरीतून’वर खूण करणारं मूल निबंधात ‘विहीरीतून’ लिहू शकतं. म्हणून हाच शब्द पुढच्या आठवड्याच्या श्रुतलेखनात घालावा.