दोन म्युच्युअल फंडांतला सहसंबंध कसा मोजावा

दोन फंडांचे मासिक परतावे किती प्रमाणात एकत्र वर-खाली होतात, हे सांगणाऱ्या आकड्याला सहसंबंध गुणांक म्हणतात. तो −१ ते +१ या मर्यादेत असतो. +१ च्या जवळ असेल तर दोन्ही फंड जवळजवळ एकाच तालावर चालतात. शून्याच्या आसपास असेल तर एकाच्या चालीवरून दुसऱ्याची चाल सांगता येत नाही. उणे असेल तर एक वर जाताना दुसरा बहुधा खाली येतो. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली गुंतवणुकीच्या गणितात हा आकडा मध्यभागी आणून ठेवला. गुंतवणुकीची एकूण जोखीम ही सुट्या जोखमींची बेरीज नसते, ती त्यांच्या परस्परसंबंधावर ठरते, हे त्यांचे म्हणणे होते. फंडांची संख्या वाढवून वैविध्य येतेच असे नाही, हा त्याचा सरळ अर्थ. हा आकडा काढायला लागणारी सगळी सामग्री गुंतवणूकदाराच्या खातेउताऱ्यात असते, फक्त ती योग्य रकान्यातून उचलावी लागते.

खातेउतारा मागवताना सारांश नको, तपशीलवार उतारा हवा. त्यात प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, त्या दिवशीची एनएव्ही, मिळालेले युनिट आणि युनिटांची शिल्लक एका ओळीत असते. स्टॅम्प ड्युटीची ओळ वेगळी दिसते, ती सोडून द्यावी. परतावा काढण्यासाठी लागते ती फक्त तारीख आणि एनएव्ही. दोन्ही फंडांत दरमहा एकाच तारखेला एसआयपी जात असेल, तर एनएव्हीची मासिक मालिका उताऱ्यात आयतीच तयार असते. एका महिन्याची एनएव्ही ५०.०० आणि पुढच्या महिन्याची ५१.५० असेल, तर त्या महिन्याचा परतावा ३ टक्के. त्यापुढच्या महिन्यात ती ५०.४७ झाली, तर परतावा उणे २ टक्के. ३६ परतावे हवे असतील, तर ३७ एनएव्ही उतरवून घ्याव्या लागतात.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. उताऱ्यातले एकूण बाजारमूल्य डोळ्यांत भरते, म्हणून त्याच्या बदलालाच परतावा समजले जाते. एक लाखाचे मूल्य महिन्याभरात १,०८,००० झाले, पण त्यात नव्या एसआयपीचे ५,००० असतील, तर वाढ ८ टक्के नसून ३ टक्क्यांच्या जवळपास आहे. नव्या खात्यात ही चूक भयंकर होते. दरमहा ५,००० रुपये भरले, तर मूल्य पाच हजारांवरून दहा, पंधरा, वीस हजारांकडे जाते. म्हणजे कागदावर ‘परतावा’ दिसतो सुमारे १००, ५०, ३३ टक्के, असा उतरत जाणारा. दोन्ही फंडांत एसआयपी एकदमच सुरू केली असेल, तर ही उतरंड दोन्हींत सारखीच असते. मग एक फंड समभागांचा आणि दुसरा सोन्याचा असला, तरी सहसंबंध १ च्या जवळ येतो. हा सहसंबंध फंडांतला नसतो, तो गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या हप्त्यांचा असतो. एनएव्हीवर हप्त्यांचा परिणाम होत नाही, म्हणून मोजमाप तिच्यावरूनच करायचे.

तारखा जुळणे तितकेच गरजेचे आहे. एका फंडाची एसआयपी ५ तारखेला आणि दुसऱ्याची २० तारखेला असेल, तर दोन्ही ‘महिने’ निम्मेच एकमेकांवर बसतात आणि सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दोन फंड वेगळे वागतात असा खोटा दिलासा त्यातून मिळतो. अशा वेळी उतारा बाजूला ठेवून ‘ॲम्फी’च्या संकेतस्थळावरून दोन्ही फंडांची महिनाअखेरची जुनी एनएव्ही घ्यावी. ज्या फंडातून वेळोवेळी पैसे वाटले जातात, त्याची एनएव्ही वाटपाच्या दिवशी तेवढ्या रकमेने खाली येते. ती घसरण बाजाराची नसते. त्यामुळे त्याच योजनेच्या ग्रोथ पर्यायाची एनएव्ही वापरणे सोपे.

आता प्रत्यक्ष हिशोब. समजण्यासाठी सहाच महिन्यांचे काल्पनिक आकडे घेऊ. लार्ज कॅप फंडाचे परतावे क्रमाने ३, −२, ४, −१, १, १ टक्के आहेत. फ्लेक्सी कॅप फंडाचे ४, −३, ५, −१, २, −१ आहेत. दोन्हींची सरासरी महिना १ टक्का येते. प्रत्येक महिन्याचा परतावा सरासरीपासून किती हटला ते काढले, तर पहिल्या फंडासाठी २, −३, ३, −२, ०, ० आणि दुसऱ्यासाठी ३, −४, ४, −२, १, −२ असे आकडे मिळतात. महिन्यागणिक या दोन ओळींचा गुणाकार करून बेरीज केली की ३४ येते. पहिल्या ओळीच्या वर्गांची बेरीज २६, दुसऱ्या ओळीच्या वर्गांची ५०. या दोन बेरजांच्या गुणाकाराचे, म्हणजे १३०० चे वर्गमूळ ३६.०६. त्याने ३४ ला भागले की सहसंबंध ०.९४.

तीन वर्षांच्या आकड्यांसाठी हे हाताने करण्याची गरज नाही. तारीख A स्तंभात, एका फंडाचे परतावे B मध्ये आणि दुसऱ्याचे C मध्ये मांडले की स्प्रेडशीट एका सूत्रात उत्तर देते. प्रत्येक फंडाचे चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, दुसऱ्या सूत्राने निघते:

```
=CORREL(B2:B37,C2:C37)
=STDEV.S(B2:B37)
```

०.९४ हा आकडा मोठा आहे हे दिसतेच, पण त्याने पदरात काय पडते हे कळण्यासाठी एक पायरी पुढे जायला हवे. D स्तंभात दोन्ही फंडांच्या परताव्यांची निम्मी-निम्मी सरासरी मांडावी आणि त्या मिश्रणाचे प्रमाण विचलन काढावे. वरच्या उदाहरणात लार्ज कॅपचे प्रमाण विचलन २.२८ टक्के, फ्लेक्सी कॅपचे ३.१६. या दोन्हींची साधी सरासरी २.७२. मिश्रणाचे प्रत्यक्ष विचलन २.६८. म्हणजे दोन फंड, दोन हप्ते आणि दोन उतारे सांभाळून चढउतार जेमतेम दीड टक्क्याने घटले.

फ्लेक्सी कॅपच्या जागी सोन्याचा फंड ठेवून पाहू. त्याचे परतावे त्याच महिन्यांत ०, ३, १, −२, ४, ० असे धरू. सरासरी पुन्हा १ टक्काच. लार्ज कॅपशी त्याचा सहसंबंध −०.०८ येतो, जवळजवळ शून्य. दोन फंडांच्या विचलनांची सरासरी २.२४, पण मिश्रणाचे विचलन १.५२. चढउतार सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि सरासरी परतावा जागचा हलला नाही. वैविध्याचा फायदा म्हणतात तो हा. कोणत्याही दोन फंडांसाठी तो याच पद्धतीने मोजता येतो. फक्त प्रत्यक्ष गुंतवणूक ७०-३० असेल, तर D स्तंभातही ७०-३० हेच प्रमाण वापरायचे.

समभागांचे दोन फंड इतके जुळतात याचे कारण नियमांत आणि बाजारात आहे. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार लार्ज कॅप फंडाने किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्यात पहिल्या शंभरांत बसणाऱ्या कंपन्यांत ठेवायचा असतो. फ्लेक्सी कॅपला आकाराचे बंधन नसते, तरी बाजाराचा मोठा हिस्सा याच शंभर कंपन्यांचा असल्याने त्याचाही बराच पैसा तिथे जातो. दोन फंडांच्या यादीत एकही समान कंपनी नसली, तरी सहसंबंध जास्त येऊ शकतो. व्याजदर, परदेशी पैशाची आवक-जावक, अर्थसंकल्प यांचा परिणाम जवळजवळ सगळ्याच समभागांवर एकदम होतो. म्हणून नुसत्या कंपन्यांच्या याद्या ताडून पाहणे पुरेसे नाही.

या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे महिन्यांच्या संख्येवर ठरते. बारा महिन्यांवरून ०.५ असा सहसंबंध आला, तर खरा सहसंबंध −०.१ पासून ०.८ पर्यंत कुठेही असू शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यावरून निर्णय घेणे धोक्याचे. छत्तीस महिन्यांवरून तोच ०.५ आला, तर पट्टा साधारण ०.२ ते ०.७ इतका अरुंद होतो. तेव्हा तीन वर्षांहून कमी माहितीवर विसंबू नये.

एखादा टोकाचा महिनाही उत्तर ओढून नेतो. मार्च २०२० मध्ये निफ्टी ५० सुमारे २३ टक्क्यांनी कोसळला आणि समभागांचे फंड एकत्रच खाली आले. असा महिना मालिकेत असेल, तर त्याच्यासह आणि त्याच्याविना, असे दोनदा गणित करावे. दोन उत्तरांत मोठा फरक पडला, तर एरवी वेगळे चालणारे हे फंड पडझडीत मात्र एकत्र पडतात, असे समजावे. तो महिना अपवाद म्हणून कायमचा वगळणे चूक ठरेल, कारण वैविध्याची खरी गरज अशाच महिन्यात असते.

लिक्विड फंडाच्या बाबतीत सहसंबंधाकडे फारसे लक्ष देऊ नये. त्याचा मासिक परतावा इतका कमी हलतो, की समभागाच्या फंडाशी त्याचा सहसंबंध ०.३ आला काय किंवा −०.३ आला काय, मिश्रणाच्या चढउतारात फरक नगण्य पडतो. तिथे जोखीम घटते ती समभागांतला पैसा कमी झाल्यामुळे.

तीन वर्षांच्या आकड्यांवरही सहसंबंध ०.९ च्या वर आणि मिश्रणाची बचत एक-दोन टक्केच निघाली, तर वैविध्याच्या दृष्टीने ते दोन फंड एकच धरावेत. मात्र त्यापैकी एक लगेच विकण्याची घाई नको. समभाग फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर बहुधा एक्झिट लोड लागतो. २३ जुलै २०२४ पासून वर्षाहून जुन्या समभाग गुंतवणुकीच्या सव्वा लाखापुढील वार्षिक नफ्यावर साडेबारा टक्के करही आहे. जुने युनिट तसेच ठेवून दुसऱ्या फंडाची एसआयपी थांबवावी आणि तो हप्ता कमी सहसंबंधाच्या फंडाकडे वळवावा. यात जुन्या गुंतवणुकीवर कर किंवा एक्झिट लोड लागत नाही.