पंचवीस चष्म्यांचा हिशेब

दिवाळी आटोपली की तालुक्याच्या गावांतल्या महाविद्यालयांना गॅदरिंगचे वेध लागतात आणि बाजारपेठेतले दुकानदार सावध होतात. गणपतीची वर्गणी देऊन झालेली असते, नवरात्राचीही. आता चार मुलं फाइल घेऊन पायरी चढतात आणि म्हणतात, "काका, स्पॉन्सरशिप हवी होती." काका पत्रावरून नजर फिरवतात, गल्ला उघडतात आणि पाचशे एक रुपये पुढे करतात. बाहेर पडल्यावर मुलं म्हणतात, चिकट आहे माणूस. पण त्यानं मागितलं तेच दिलेलं असतं. पत्रात 'सहकार्याची अपेक्षा', 'मदतीचा हात' असं लिहिलेलं होतं आणि मदतीचा भाव बाजारात पाचशे एक हाच आहे.

मुंबईच्या आयआयटीतला 'मूड इंडिगो' किंवा झेवियर्सचा 'मल्हार' यांच्याकडे मोठमोठ्या कंपन्या येतात, कारण तिथली गर्दी आणि नाव त्यांना ठाऊक असतं. गावातल्या महाविद्यालयाकडे ते वलय नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रोज त्याच रस्त्यानं येणारी दीड-दोन हजार मुलं. शेजारच्या दुकानदाराला त्यांतली किती आपल्या दारात येतील, एवढंच जाणून घ्यायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर चष्म्याचं दुकान आहे. मुलांना त्याच्याकडून पंधरा हजार हवेत. समजा, त्याचा सरासरी चष्मा दीड हजाराला जातो आणि काच, फ्रेम, मजुरी वजा जाता सहाशे रुपये सुटतात. म्हणजे पंधरा हजार भरून निघायला पंचवीस चष्मे जास्तीचे खपायला हवेत. आता मुलं उत्साहानं सांगतात, "काका, आपण दोनशे रुपये सवलतीची कुपनं वाटू." इथंच गणित बिघडतं. सवलत काकांच्याच खिशातून जाते, सहाशेचे चारशे उरतात आणि पंचवीसचे अडतीस चष्मे होतात. काका हा हिशेब मनातल्या मनात करून मोकळे होतात. मुलांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून मागणी अशी बदलावी : आठ हजार रोख आणि विजेत्यांसाठी चार गॉगल. हजार रुपये किमतीचा गॉगल दुकानदाराला पाचशेला पडत असेल, तर त्याचा खर्च दोन हजार आणि गॅदरिंगला मात्र चार हजारांची बक्षिसं मिळतात. वस्तुरूपानं मागण्यातली ही सोय फार कमी समित्यांच्या लक्षात येते. एकूण बोजा दहा हजार. कुपनासकट चारशेच्या हिशेबानं पुन्हा पंचवीस चष्मे. हा आकडा काकांना पटण्यासारखा आहे, पण तो गाठायची वाट पत्रात दिसायला हवी.

फलक ही ती वाट नव्हे. प्रवेशद्वाराच्या फ्लेक्सवर बारा दुकानांची नावं ओळीनं लावली की एकही वाचलं जात नाही. (त्यातही व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो दहा फुटांवर ताणला, की नावाच्या जागी धूसर डाग उरतो. दुकानदाराकडून लोगोची सीडीआर फाइल मागून घ्यावी. ती बहुतेक वेळा त्याची पाटी करणाऱ्याकडे असते.) चष्मेवाल्याला द्यायची खरी गोष्ट म्हणजे आवारातलं टेबल. दुकानातला नेत्रतपासनीस दोन दिवस तिथं बसेल आणि मुलांचे डोळे फुकट तपासेल. एका मुलाला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाकाठी साठेक मुलं आणि दोन दिवसांत एकशेवीस. ज्याचा नंबर निघाला किंवा बदलला त्याच्या हातात चिठ्ठी आणि कुपन. एकशेवीसमधून पंचवीस ही उडी अवघड आहे, अशक्य नाही.

पत्रातला हा भाग साधारण असा असावा :

'आपणांस पुढील गोष्टी देण्याचे आम्ही मान्य करतो. एक, गॅदरिंगच्या दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी सकाळी १० ते ४ या वेळेत सभागृहाच्या दाराशी एक टेबल, दोन खुर्च्या व वीजजोडणी. दोन, समूहनृत्याच्या बक्षीस वितरणाच्या वेळी आपल्या हस्ते चार गॉगल. तीन, दोन्ही दिवशी दुपारच्या सत्रात सूत्रसंचालकाकडून तपासणीची दोनदा घोषणा. चार, चष्म्याच्या दुकानांपैकी केवळ आपलेच नाव. पाच, कार्यक्रमानंतर आठ दिवसांत तपासणीची संख्या व छायाचित्रे.'

यातलं प्रत्येक वाक्य पाळलं की नाही, हे कुणालाही पाहता येतं. 'भरघोस प्रसिद्धी' पाळली गेली की नाही, हे कोण ठरवणार?

दुसरा दिवस का, हेही पत्रात सांगावं. पहिल्या दिवशी सकाळी रांगोळी आणि पाककृती स्पर्धा असतात, तेव्हा स्पर्धक आणि त्यांच्या मैत्रिणी यांच्यापलीकडे फारसं कुणी नसतं. समूहनृत्याला सभागृह ओसंडतं. पटावर अठराशे नावं असली तरी गॅदरिंगला येणारी मुलं त्याहून बरीच कमी असतात. पत्रात पटाचा आकडा लिहायचा मोह होतो, पण काकांची मुलगी त्याच महाविद्यालयात शिकत असते.

चौथा मुद्दा सर्वांत जास्त मोडतो. एक मुलगा एका चष्मेवाल्याला 'तुम्ही एकटेच' म्हणून शब्द देतो आणि दुसरी तुकडी बस स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानाकडून हजार रुपये आणून त्याचा फलक लावते. काका गॉगल द्यायला मंचावर चढतात आणि समोर प्रतिस्पर्ध्याचं नाव. तो दुकानदार पुढची अनेक वर्षं त्या महाविद्यालयासाठी गेला म्हणून समजा. कोणत्या धंद्याला कोण घेतलं याची एकच यादी एकाच मुलीकडे किंवा मुलाकडे असावी आणि तिला विचारल्याशिवाय कुणी पैसे घेऊ नयेत.

पैशांचंही तसंच. रक्कम महाविद्यालयाच्या खात्यावर, चेकनं किंवा यूपीआयनं घ्यावी, कार्यवाहाच्या खासगी नंबरवर नव्हे. दुकानदाराच्या दृष्टीनं हा जाहिरातीचा खर्च आहे आणि एका दिवसात एकाच पक्षाला दहा हजारांहून जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च म्हणून धरला जात नाही. पावतीवर 'देणगी' लिहिण्याची सवयही सोडावी, कारण मोबदल्यात जाहिरात होते आहे. या रकमेवर जीएसटी लागतो का, हे पत्र लिहिण्याआधीच महाविद्यालयाच्या लेखनिकाला विचारावं. ठरलेला आकडा मागाहून वाढवणं दुकानदाराला आवडत नाही. पत्रावर प्राचार्यांची सही आणि शिक्का हवाच. मुलं पास होऊन जातात, कबुली महाविद्यालयाची राहते.

हप्ते पाडायला हरकत नाही. निम्मे आधी, निम्मे आठ दिवसांतल्या अहवालानंतर. मुलांना हे जाचक वाटतं, पण दुसऱ्या हप्त्याच्या आशेनं अहवाल वेळेवर होतो, एरवी परीक्षा लागतात आणि फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्येच राहतात.

समजा, अहवालात तपासण्या एकशेदहा झाल्या आणि महिनाभरात सतरा कुपनं वटली. म्हणजे काकांना सहा हजार आठशे सुटले, दहा हजार गेले. हा आकडा लपवू नये. कुपनं त्यांच्याच गल्ल्यात जमा झालेली असतात, ते मोजणारच. पुढच्या नोव्हेंबरात जाताना साडेचार हजार रोख आणि चार गॉगल मागावेत. बोजा साडेसहा हजार, म्हणजे सतरा चष्म्यांच्या कमाईत बसणारा. टेबलही दारातून आत, नृत्याच्या मुलांच्या तालमीच्या खोलीजवळ हलवून पाहावं.