एल आकाराच्या पत्र्याचा तोल

आयताकृती पत्र्याचा तोल कुठे आहे हे शोधायला गणित लागत नाही. दोन कर्ण काढले की ते जिथे छेदतात तिथेच त्याचा गुरुत्वमध्य असतो, आणि त्या बिंदूखाली बोट धरले की पत्रा आडवा राहतो. त्याच पत्र्याचा एक कोपरा कापून त्याला इंग्रजी एलचा आकार दिला की पंचाईत होते. आता कर्ण कुठले काढायचे? अंदाजाने कोपऱ्याजवळ कुठेतरी बोट ठेवावे, तर पत्रा कलंडतो.

उपाय मात्र साधा आहे. एल म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन आयत. आयताचा मध्य आपल्याला ठाऊक आहे, म्हणून एलचे दोन आयत करायचे आणि प्रत्येकाचे सगळे वजन त्याच्या मध्यबिंदूत साठले आहे असे मानायचे. मग उरते ती फक्त एक कावड. दोन टोकांना दोन ओझी आणि मधे एक काठी. ओझी सारखी असतील तर खांदा बरोबर मधोमध येतो. एक ओझे दुप्पट असेल तर खांदा जड ओझ्याकडे सरकतो, आणि त्याचे जड टोकापासूनचे अंतर हलक्या टोकापासूनच्या अंतराच्या निम्मे होते.

आकडे घालून पाहू. पत्रा ४० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. दोन्ही पट्ट्यांची रुंदी १० सेंटिमीटर आहे. खालचा डावा कोपरा हे आपले शून्य. सगळी मापे तिथूनच घ्यायची. उभी पट्टी पूर्ण उंचीची धरली तर ती १० बाय ४० ची होते. तिचे क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर, आणि मध्यबिंदू शून्यापासून उजवीकडे ५ व वर २०. खाली उरलेला तुकडा २० बाय १० चा, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटरचा. तो १० सेंटिमीटरनंतर सुरू होतो, म्हणून त्याचा मध्यबिंदू उजवीकडे २० आणि वर ५.

आता प्रत्येक क्षेत्रफळाला त्याच्या अंतराने गुणायचे, बेरीज करायची आणि एकूण क्षेत्रफळाने भागायचे.

आडवे अंतर = (४०० × ५ + २०० × २०) ÷ ६०० = १०
उभे अंतर = (४०० × २० + २०० × ५) ÷ ६०० = १५

कावडीने ताडून पाहा. ओझी ४०० आणि २००, म्हणजे दुप्पट. ५ पासून २० पर्यंतच्या आडव्या अंतराचा एक तृतीयांश भाग चालून गेले की १० येतात. वरून खाली, २० पासून ५ कडे, तेवढेच उतरले की १५.

पण पत्रा कापायची ही एकच रीत नाही. खालची पट्टी पूर्ण रुंदीची, ३० बाय १० ची धरली, तर वर १० बाय ३० चा तुकडा उरतो. दोन्हींचे क्षेत्रफळ ३००. मध्यबिंदू (१५, ५) आणि (५, २५). ओझी सारखी, म्हणून खांदा मधोमध: पुन्हा १० आणि १५. तिसरी रीत वजाबाकीची आहे. ३० बाय ४० चा अख्खा आयत घ्यायचा आणि त्यातून वरच्या उजव्या बाजूचा, नसलेला २० बाय ३० चा तुकडा वजा करायचा. उत्तर तेच येते. एखादा भाग काढून टाकल्यावर उरलेल्याचा गुरुत्वमध्य कुठे जातो, हे सिराक्यूजच्या आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की हे सगळे फुटपट्टीने, एकही गुणाकार न करता जमते. पहिल्या विभागणीतले दोन मध्यबिंदू रेषेने जोडा. गुरुत्वमध्य त्या रेषेवर कुठेतरी असणारच, कारण खांदा कावडीवरच असतो. दुसऱ्या विभागणीतले दोन मध्यबिंदूही जोडा. तो त्याही रेषेवर असला पाहिजे. दोन रेषा जिथे छेदतात तेच उत्तर.

चुका होतात त्या ठरावीक जागी. पहिली म्हणजे कोपरा दोनदा मोजणे: उभी पट्टी पूर्ण उंचीची आणि आडवीही पूर्ण रुंदीची धरली की क्षेत्रफळ ६०० ऐवजी ७०० येते. म्हणून आधी क्षेत्रफळाची बेरीज तपासावी. दुसरी म्हणजे खालच्या तुकड्याचा मध्य त्याच्या स्वतःच्या कडेपासून मोजणे, म्हणजे २० ऐवजी १० लिहिणे. तिसरी जास्त फसवी आहे: क्षेत्रफळ न बघता दोन मध्यबिंदूंची नुसती सरासरी काढणे. आपल्या पत्र्यात पहिल्या विभागणीवर ही चूक केली तर १२.५ आणि १२.५ असे चुकीचे उत्तर येते. दुसऱ्या विभागणीवर मात्र तीच चूक बरोबर उत्तर देते, कारण तिथे योगायोगाने दोन्ही तुकडे सारखे आहेत! अशा उदाहरणावर शिकलेला विद्यार्थी पुढच्या गणितात हमखास आपटतो.

ही सगळी रीत पत्रा एकाच धातूचा आणि एकसारख्या जाडीचा असेल तरच चालते. उभी पट्टी ॲल्युमिनियमची आणि खालचा तुकडा पोलादाचा असेल, तर क्षेत्रफळाऐवजी वजन घ्यावे लागते, आणि विभागणीही जिथे खरा जोड आहे तिथेच करावी लागते.

आपला बिंदू (१०, १५) उभ्या पट्टीच्या बरोबर आतल्या कडेवर पडतो. पट्ट्या आणखी अरुंद असत्या तर तो पत्र्याच्या बाहेर, हवेत गेला असता. शेड आणि कैच्यांना लागणाऱ्या लोखंडी अँगलमध्ये नेमके हेच होते. १०० बाय १०० बाय १० मिलिमीटरचा अँगल घ्या. दोन आयतांचे गणित केले की गुरुत्वमध्य प्रत्येक बाहेरील कडेपासून २८.७ मिलिमीटरवर येतो, आणि तिथे लोखंडच नसते. पोलादाच्या छापील कोष्टकात मात्र २८.४ दिलेले असते. कोष्टक चुकलेले नाही. खऱ्या अँगलच्या आतल्या कोपऱ्यात गोलाई देऊन थोडे जास्त लोखंड भरलेले असते आणि टोके घासल्यासारखी गोल असतात, म्हणून वजन किंचित कोपऱ्याकडे सरकते.

हा हवेतला बिंदू वेल्डिंगच्या वेळी कामाला येतो. कैचीतला अँगल ताणला जातो तेव्हा ताण या बिंदूतून जातो असे धरतात. अँगलची एक बाजू प्लेटवर ठेवून तिच्या दोन कडांना वेल्ड करायचे असेल, तर गुरुत्वमध्य कोपऱ्याकडच्या कडेपासून २८.४ आणि टोकाकडच्या कडेपासून ७१.६ मिलिमीटर दूर असतो. पुन्हा कावडच. १० टन ताणापैकी सुमारे ७.१६ टन कोपऱ्याकडच्या वेल्डवर येतात आणि २.८४ टन टोकाकडच्या. म्हणून कोपऱ्याकडचा वेल्ड अडीच पट लांब ठेवला की जोडावर पिळ येत नाही. प्रत्यक्ष कामात आकडा कोष्टकातलाच घ्यावा. दोन आयतांचे गणित करावे ते आपण कोष्टकातली ओळ बरोबर वाचली की नाही हे पाहण्यासाठी.