yeshil ka? की येशील का?

वरसोलीच्या मुलाने थळच्या मुलीला पाठवावा असा एक साधा निरोप घेऊ: ‘उद्या संध्याकाळी किनाऱ्यावर येशील का? ओहोटी आहे, किल्ल्यापर्यंत चालत जाऊ.’ अलिबागेत ओहोटीच्या वेळा पाठ असणं हा प्रेमात पडलेल्यांचा जुना गुण आहे, कारण कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर पाणी ओसरायलाच हवं. आता हा निरोप मोजून पाहा. जुन्या एसएमएसच्या हिशोबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताची खूण, मधली मोकळी जागा असं सगळं वेगवेगळं धरलं जातं. एकट्या ‘किल्ल्यापर्यंत’ला चौदा खुणा लागतात. पूर्ण निरोप भरतो ७३.

एका एसएमएसला १४० बाइट मिळतात. रोमन अक्षरं सात बिटांत बसतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे सोळा बिट, म्हणून फक्त ७०. म्हणजे आपला निरोप तीन खुणांनी हुकला आणि दोन एसएमएसचे पैसे गेले. हाच मजकूर ‘udya sandhyakali kinaryavar yeshil ka?’ असा शेवटपर्यंत रोमनमध्ये लिहिला तर ७५ अक्षरं होतात. जवळजवळ तेवढीच, पण वर ८५ अक्षरं लाडीगोडीला शिल्लक! (त्यात शेवटी एक लाल बदाम टाकला की मात्र रोमनची सवलतही संपते. एका इमोजीपायी सगळा निरोप सोळा बिटांच्या हिशोबात जातो, मर्यादा पुन्हा ७० वर येते आणि दोन एसएमएस लागतात.) शिवाय तेव्हाच्या कितीतरी फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. मराठी माणसाची फोनवरची पहिली प्रेमपत्रं रोमनमध्ये लिहिली गेली ती अशी. पुढे व्हॉट्सॲप आलं, अक्षरं मोजायची गरज उरली नाही, कीबोर्डही मराठी झाले. तरी लाडात यायचं म्हटलं की बोट अजून रोमनकडेच वळतं. पैशाचं कारण गेलं तरी ही सवय का टिकली, हे शोधायला रोमन लिपी काय काय झाकते ते बघावं लागतं.

रोमनमध्ये ‘ण’ आणि ‘न’ एकच, ‘ळ’ आणि ‘ल’ही एकच. पुण्यात यामुळे फार तर विनोद होतात. अलिबाग परिसरात मात्र ही अक्षरं माणसाचं घर सांगतात. आगरी बोलीत पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोला’ होतो. ‘pani’ असं लिहिलं की लिहिणाऱ्याला कुठलीच बाजू घ्यावी लागत नाही आणि वाचणारी आपल्या घरच्या उच्चारात ते वाचून मोकळी होते. देवनागरीत असं अधांतरी राहता येत नाही. ‘पाणी’ लिहिलं तर शाळेची भाषा, ‘पानी’ लिहिलं तर आळीची. दोघं आगरी घरातली असतील तर ‘पानी’ने जवळीक एकदम वाढते. एक जण बाहेरचा असेल, तर तोच शब्द नक्कल केल्यासारखा लागू शकतो, आणि नक्कल गोड वाटली की झोंबली हे उत्तराच्या लांबीवरून कळतं.

पण रोमनचा हा पडदा अर्धाच आहे. आगरीत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो: गाडीची गारी, घोड्याचा घोरा. हा फरक रोमनमध्ये लपत नाही. ‘gadi gheun yeto’ लिहायचं की ‘gari’, हे ठरवावंच लागतं. बोली झाकून ठेवू पाहणारा मुलगा पाण्यात सापडत नाही, गाडीत सापडतो.

दुसरी लपणारी गोष्ट म्हणजे अनुस्वार. ‘Tula kahitari sangaycha hota’ हे कुणीही ‘सांगायचं होतं’ असंच वाचेल, कारण आपण बोलतो तसंच ते टिपलेलं आहे. देवनागरीत बोट टेकवलं की दोन वाटा फुटतात: ‘सांगायचं होतं’ आणि ‘सांगायचे होते’. दुसऱ्या वाटेने गेलेला निरोप ग्रामपंचायतीच्या फलकावरून उतरल्यासारखा वाटतो. माझ्या मते देवनागरी थंड वाटते म्हणतात त्यातला मोठा वाटा लिपीचा नाहीच, या ‘चे’ आणि ‘ते’चा आहे. पाठ्यपुस्तक, अर्ज, लग्नपत्रिका, सातबारा असं सगळं देवनागरीत पाहिल्यामुळे ती लिपी समोर आली की हात आपोआप लेखी मराठीकडे सरकतो. ‘काय करतेयस’ लिहिणारी मुलगी देवनागरीत ‘काय करत आहेस’ लिहून बसते आणि समोरच्याला वाटतं, ही रागावली.

वाचताना मेंदूत काय होतं याचा थोडा अंदाज आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातून चैत्रा राव, अवंतिका माथुर आणि नंदिनी सिंग यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना त्यांनी हिंदी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये वाचायला दिले. रोमनमधले शब्द वाचायला वेळ जास्त लागला आणि मेंदूला लक्षही जास्त द्यावं लागलं. कारण सरळ आहे. ‘संध्याकाळी’चा आकार डोळ्यांच्या ओळखीचा असतो, तो एका नजरेत उचलला जातो. ‘Sandhyakali’ मनात उच्चारून पाहावं लागतं, कुठला ‘a’ ऱ्हस्व आणि कुठला दीर्घ हे वाक्यावरून ठरवावं लागतं. अभ्यास हिंदीचा होता आणि सुट्या शब्दांचा, त्यामुळे त्यावरून प्रेमाबद्दल काही सिद्ध होत नाही. माझा तर्क एवढाच, की उच्चारून वाचावा लागणारा निरोप पाठवणाऱ्याच्या आवाजात ऐकू येण्याची शक्यता जास्त. असं संदर्भावरून वाचणं मोडी वाचणाऱ्यांना नवं वाटणार नाही. मोडीतही इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नव्हता, अर्थ संदर्भावरूनच लावायचा.

आवाज म्हटला की सूर लांबवणं आलं. ‘Hooo’ आणि ‘ho’ यांत किती अंतर आहे ते कुणाला समजवायला नको. रोमनमध्ये एक कळ दाबत राहिलं की लाडिकपणा हवा तेवढा लांबतो. देवनागरीत तोच प्रयत्न केला तर मात्रेवर मात्रा चढत नाही. अक्षराला एकच स्वरचिन्ह लागतं असा नियम असल्याने पुढची चिन्हं निराधार होतात आणि बऱ्याच फोनांवर त्यांच्या जागी ठिपक्यांची वर्तुळं उमटतात. आपल्याकडे यासाठी अवग्रह आहे, ‘होऽऽऽ’, आणि तो युनिकोडमध्येही आहे. पण अनेक कीबोर्डांवर तो आतल्या पानात दडलेला असतो. त्याला शोधून काढेपर्यंत लाडात यायची वेळ टळून जाते.

म्हणून देवनागरी प्रेमाला नालायक, असं मात्र अजिबात नाही. दोघांचं रोज रोमनमध्ये चालत असेल आणि एका रात्री नुसतं ‘ऐक ना’ देवनागरीत आलं, तर वाचणारी उठून बसते. लिपी बदलली म्हणजे मुद्दाम बदलली, हे तिला कळतं. हा परिणाम सवय मोडण्यातून येतो, म्हणून जो मुलगा एरवीही देवनागरीतच लिहितो किंवा फोनला बोलून टाइप करतो, त्याला तो मिळत नाही. त्याला ‘ना’, ‘गं’, ‘हं’, ‘की’ या शब्दांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तिथे देवनागरी रोमनच्या पुढे आहे. ‘Ye na ga’मधला ‘ga’ लाडाचा ‘गं’ की नुसता ‘ग’, हे रोमनमध्ये उमटत नाही. ‘ये ना गं’मध्ये तो ठिपका दिसतो.